पहिल्या नोकरीसाठी एक मिनिटाचा ओळख-व्हिडिओ: स्क्रिप्ट कशी लिहायची

भोसरीतल्या एका सुट्या भागांच्या वितरकाची जाहिरात आहे असं धरू. "अकाउंट्स असिस्टंट पाहिजे. बी.कॉम., फ्रेशर चालेल. टॅलीत खरेदी-विक्रीच्या नोंदी, जीएसटीसाठी बिलांची जुळवणी, व्यापाऱ्यांशी फोनवर बोलणं. एक्सेल आवश्यक. टीडीएसची माहिती असल्यास प्राधान्य. बायोडेटासोबत एक मिनिटाचा व्हिडिओ पाठवा." बारामतीची एक मुलगी, यंदाच बी.कॉम. झालेली, या जागेसाठी अर्ज करते आहे. तिची स्क्रिप्ट आपण पहिल्या कच्च्या खर्ड्यापासून शेवटपर्यंत नेऊ. तुमची शाखा वेगळी असेल, पण लिहिण्याची रीत हीच राहील.

सुरुवातीला एक गोष्ट पक्की धरा. व्हिडिओ पाहणाऱ्याकडे तुमचा बायोडेटा आधीच आहे. टक्के, कॉलेज, पास झाल्याचं वर्ष, कोर्स हे सगळं त्याला दिसतं आहे. तरीही तो व्हिडिओ मागतो, कारण दोन गोष्टी कागदावर कळत नाहीत. हा उमेदवार आपलं म्हणणं सरळ सांगू शकतो का, आणि आमच्या कामासारखं काही याने खरोखर हाताळलं आहे का. अकाउंट्सच्या जागेसाठी तर पहिला प्रश्न थेट कामाचाच आहे, कारण बिल अडलं की व्यापाऱ्याला फोन हीच मुलगी लावणार. तेव्हा बायोडेटा मोठ्याने वाचून दाखवण्यात मिनिट घालवलं, तर मागितलेलं दिलंच नाही असं होतं.

आधी जाहिरात, मग कागद

जाहिरातीची प्रिंट काढा किंवा ती वहीत उतरवा, आणि त्यातल्या क्रियांखाली रेघ मारा. वरच्या जाहिरातीत त्या तीन आहेत: नोंदी करणं, बिलं जुळवणं, फोनवर बोलणं. टॅली आणि एक्सेल ही साधनं झाली. टीडीएस हे "असल्यास बरं" या खात्यातलं. भोसरी हे ठिकाण. तुमच्या मिनिटातला मोठा भाग या तीन क्रियांपैकी निदान एकीला भिडला पाहिजे, दोन एका दगडात साधल्या तर उत्तमच.

सूचनाही याच वेळी बघून घ्या. व्हिडिओ कोणत्या भाषेत हवा, किती लांबीचा, आडवा की उभा, कुठे पाठवायचा, एखाद्या ठरावीक प्रश्नाचं उत्तर मागितलं आहे का. "आमच्याकडेच का यायचं आहे?" असा प्रश्न जाहिरातीत असेल आणि व्हिडिओत त्याचं उत्तर नसेल, तर बाकीचं कितीही चांगलं असलं तरी जाहिरात नीट वाचली नाही एवढंच त्यातून कळतं. हिशेबाच्या जागेसाठी ती खूण फार वाईट.

एका मिनिटात शब्द किती?

इथे अंदाज चालत नाही, मोजावं लागतं. वर्तमानपत्रातली एक बातमी घ्या, मोबाइलवर एक मिनिटाचा टायमर लावा आणि समोरच्या माणसाला सांगतो आहोत अशा चालीने मोठ्याने वाचा. टायमर वाजला की थांबा आणि शब्द मोजा. मराठीत बहुतेकांचा आकडा ११० ते १३०च्या आसपास येतो. आपले शब्द प्रत्ययांमुळे लांब असतात ("ऑफिसमधल्या", "असिस्टंटच्या"), म्हणून इंग्रजीसाठी सांगितला जाणारा मिनिटाला १३० ते १५० शब्दांचा हिशेब मराठीला तसाच लावू नका.

आलेल्या आकड्यातून दहा टक्के वजा करा. सुरुवातीचा श्वास, मधले थांबे आणि शेवटचे एक-दोन सेकंद एवढी जागा त्यात निघते. तुमचा आकडा १२५ आला असेल, तर स्क्रिप्ट जास्तीत जास्त ११२ शब्दांची. ती ५५ सेकंदांत संपली तर काही बिघडत नाही. ७५ सेकंदांची झाली तर मात्र बिघडतं. काही कंपन्यांच्या पोर्टलवर वेळ संपला की रेकॉर्डिंग आपोआप बंद होतं आणि शेवटचं वाक्य अर्धवट राहतं. घाईघाईने बोलून १६० शब्द मिनिटात कोंबणं हा तर सगळ्यांत वाईट उपाय. त्यात आकडे आणि नावं ऐकूच येत नाहीत.

कच्चा खर्डा आणि त्यातली काटछाट

आपल्या उमेदवाराने पहिल्यांदा लिहिलेलं असं होतं:

> सर्वप्रथम मला स्वतःची ओळख करून देण्याची संधी दिल्याबद्दल मी आपली मनःपूर्वक आभारी आहे. माझे नाव अमुक अमुक. मी मूळची बारामतीची असून माझ्या कुटुंबात आम्ही पाच जण आहोत. माझे वडील शेती करतात, आई गृहिणी आहे, मला एक लहान भाऊ व एक बहीण आहे. दहावीला मला ८४ टक्के, बारावीला ७१ टक्के व बी.कॉम.ला प्रथम श्रेणी मिळाली. माझे एमएस-सीआयटी व टॅलीचा कोर्स झाला आहे. मी मेहनती, प्रामाणिक व वक्तशीर आहे. मला नवनवीन गोष्टी शिकायला आवडतात. वाचन व संगीत ऐकणे हे माझे छंद आहेत. आपण मला संधी दिल्यास मी त्या संधीचे नक्कीच सोने करीन. धन्यवाद.

यात खोटं काही नाही. पण हा मजकूर महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यातल्या कुठल्याही पदवीधराच्या तोंडी चालेल, आणि कुठल्याही नोकरीसाठी चालेल. बँकेतला लिपिक म्हणा, मेडिकलच्या काउंटरवरचा मुलगा म्हणा, एक शब्दही बदलावा लागणार नाही. आता एकेक वाक्य तपासू.

आभाराचं पहिलं वाक्य पाच-सहा सेकंद खातं आणि पाहणाऱ्याला काहीच देत नाही. सुरुवातीचे सेकंद सगळ्यांत महागडे असतात, कारण पुढे पाहायचं की नाही हे तिथेच ठरतं. कुटुंबाची माहिती समोरासमोरच्या मुलाखतीत कुणी विचारली तर सांगा. व्हिडिओत ती नको, आणि जात, धर्म, लग्न, जन्मतारीख, घरचा पत्ता हेही नको. टक्के बायोडेटात आहेत. एमएस-सीआयटीही तिथेच आहे.

"मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर" या शब्दांचा दोष असा की ते नाकारून कुणी अर्ज करत नाही. "मी आळशी आहे" असं म्हणणारा उमेदवार अजून जन्माला यायचा आहे. गुण सांगायचा असेल तर तो दिसेल असं काम सांगा, गुणाचं नाव पाहणारा मनात स्वतः घेतो. छंद तर जवळपास नेहमीच काढता येतात. उरलं "संधीचं सोनं". ते वाक्य शाळेच्या निरोप समारंभात शोभतं.

एवढं कापल्यावर कागदावर नाव, बारामती, बी.कॉम. आणि टॅली एवढंच उरलं. आता खरं लिहायला जागा झाली.

एक पुरावा शोधा

हा सगळ्यांत अवघड टप्पा आहे आणि बहुतेक नवे पदवीधर इथेच अडतात. "मला अनुभवच नाही, सांगू काय?" नोकरीचा अनुभव नसतो हे खरं, पण काम केलेलं नसतं असं फार थोड्यांच्या बाबतीत खरं असतं. वही घ्या आणि गेल्या तीन वर्षांत तुम्ही केलेली अशी सगळी कामं लिहा, जी तुम्ही केली नसती तर दुसऱ्या कुणाचं तरी अडलं असतं. गणेश मंडळाचा जमाखर्च. कॉलेजच्या गॅदरिंगची वर्गणी. एनएसएसच्या शिबिरातलं जेवणाचं सामान. वडिलांच्या दूध संस्थेच्या पावत्या. शेजारच्या मुलांची शिकवणी. परीक्षा या यादीत येत नाही, कारण तुम्ही अभ्यास केला नसता तर फक्त तुमचंच अडलं असतं.

यादी झाली की प्रत्येक कामापुढे लिहा: काय बिघडलं होतं किंवा अडलं होतं, मी नेमकं काय केलं, मग काय झालं. ज्या कामापुढे तीनही रकाने भरतात आणि जे जाहिरातीतल्या क्रियेशी जुळतं, तो तुमचा पुरावा. एकच घ्या. एका मिनिटात दोन घेतले की दोन्ही अर्धवट राहतात.

आपल्या उमेदवाराच्या यादीत शेवटून दुसऱ्या ओळीत, जवळपास विसरल्यासारखं, "मामाच्या हार्डवेअरच्या दुकानाची बिलं" असं लिहिलेलं होतं. घरचं काम म्हणून तिने ते मोजलंच नव्हतं. विचारत गेल्यावर पुढचं बाहेर आलं. वर्षभर ती दुकानाची खरेदीची बिलं टॅलीत भरत होती, महिन्याला साधारण सत्तर. जीएसटी पोर्टलवर दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी तयार होतं. विक्रेत्यांनी आपापल्या रिटर्नमध्ये दाखवलेली आपल्या खरेदीची बिलं त्यात दिसतात, आणि त्यावरूनच भरलेल्या कराचं क्रेडिट घेता येतं. एका महिन्यात एका व्यापाऱ्याची तीन बिलं दुकानात होती, पण तिथे नव्हती. तिने त्याला फोन केला. त्याने ती विक्री दुकानाचा जीएसटी नंबर न टाकता, साध्या गिऱ्हाइकाला केल्यासारखी दाखवली होती. पुढच्या रिटर्नमध्ये त्याने दुरुस्ती केली आणि अडकलेलं क्रेडिट मिळालं.

जाहिरातीकडे परत बघा. नोंदी, जुळवणी, फोन. तीनही गोष्टी एकाच प्रसंगात आल्या. अकाउंट्सचं काम पाहणाऱ्या माणसाला हा प्रसंग ऐकताच कळेल की मुलीने हे प्रत्यक्ष केलेलं आहे, कारण बिल २बीमध्ये न दिसण्याचं हे कारण पाठ्यपुस्तकात सापडत नाही, काम करताना सापडतं. पुराव्याची ओळख हीच: त्यात एक बारकावा असतो, जो बाहेरच्याला सुचला नसता.

रसायनशास्त्राचा बी.एस्सी. मुलगा औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत अर्ज करत असेल, तर "मला टायट्रेशन येतं" यात असा बारकावा नाही. "तीन रीडिंगपैकी एक सारखं वेगळं येत होतं, तेव्हा ब्युरेटच्या तोटीखाली हवेचा बुडबुडा अडकलेला सापडला" यात आहे. संगणकवाल्यांनी प्रोजेक्टचं नाव आणि त्यातल्या तंत्रज्ञानांची यादी देण्यापेक्षा त्यातला एक अडलेला दोष आणि तो कसा सापडला ते सांगावं.

बारकावा खराच हवा, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. मुलाखतीतला पहिला प्रश्न याच वाक्यावर येतो, आणि उसना प्रसंग दुसऱ्या प्रश्नालाच उघडा पडतो.

तयार स्क्रिप्ट

आता हे जोडू. क्रम असा: नाव आणि जागा, एका ओळीत पार्श्वभूमी, पुरावा, जाहिरातीतल्या उरलेल्या गोष्टी, आणि शेवटी कधी व कसे भेटू.

> नमस्कार, मी (नाव आडनाव). तुमच्या भोसरीच्या ऑफिसमधल्या अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी हा व्हिडिओ पाठवते आहे.
>
> माझं बी.कॉम. यंदा बारामतीहून पूर्ण झालं. शेवटचं वर्षभर मी मामांच्या हार्डवेअरच्या दुकानाची खरेदीची बिलं टॅलीत भरत होते, महिन्याला साधारण सत्तर.
>
> एका महिन्यात बिलं जीएसटीआर-२बीशी जुळवताना एका व्यापाऱ्याची तीन बिलं तिथे दिसेनात. मी त्यांना फोन केला. त्यांनी ती नोंद आमचा जीएसटी नंबर न टाकता केली होती. त्यांनी पुढच्या रिटर्नमध्ये दुरुस्ती केली आणि अडकलेलं क्रेडिट मिळालं. तेव्हापासून मी दर महिन्याला चौदा तारखेनंतर ही यादी आधी जुळवते.
>
> टॅली आणि एक्सेलमध्ये रोजचं काम जमतं. टीडीएसचं काम मी अजून प्रत्यक्ष केलेलं नाही, तेवढं शिकावं लागेल.
>
> मी भोसरीला मावशीकडे राहणार आहे, एक तारखेपासून रुजू होऊ शकते. प्रत्यक्ष भेटीत माझी जुळवणीची शीट दाखवायला आवडेल. धन्यवाद.

हे ११२ शब्द आहेत. त्यातले चव्वेचाळीस एकट्या प्रसंगावर खर्च झाले, आणि तेच बरोबर आहे.

काही निवडी मुद्दाम केलेल्या आहेत. "नमस्कार" घेतलं, "गुड मॉर्निंग" नाही, कारण व्हिडिओ रात्री नऊ वाजताही पाहिला जाईल. "सर" किंवा "मॅडम" टाळलं, पाहणारं कोण आहे ते ठाऊक नाही. "आपली", "असून", "व" हे कागदावरचे शब्द काढले. बोलताना कुणी "व" म्हणत नाही. "मामाच्या"चं "मामांच्या" झालं, कारण परक्यांसमोर मोठ्यांना आदरार्थी बोलणंच आपल्याकडे शोभतं.

टीडीएसचं वाक्य ठेवायचं की नाही यावर दोन मतं असू शकतात. माझं मत ठेवावं, पण फक्त जाहिरातीत त्याचा उल्लेख आहे म्हणून. ती गोष्ट बायोडेटात दिसत नाही हे पाहणाऱ्याच्या लक्षात येणारच असतं. आपणच एका ओळीत सांगितलं तर आधीच्या दाव्यांवरही त्याचा विश्वास बसतो. जाहिरातीत न मागितलेल्या उणिवा मात्र स्वतःहून उकरून काढू नका.

राहण्याची सोय सांगितली, कारण बाहेरगावचा फ्रेशर आठवड्यात परत जाईल ही भीती मालकाला खरोखर असते. घर कुठल्या गल्लीत ते सांगायची गरज नाही. पगाराची अपेक्षा जाहिरातीत विचारली असेल तरच बोला.

शेवटच्या शीटबद्दल एक खबरदारी घ्या. मामांच्या दुकानाची खरी शीट तशीच कुणाला दाखवायची नाही. व्यापाऱ्यांची नावं, जीएसटी नंबर आणि रकमा बदलून वेगळी प्रत करून ठेवा, आणि भेटीत "नावं बदलली आहेत" असं आपणहून सांगा. हिशेबाच्या माणसाने दुसऱ्याचा हिशेब झाकून ठेवला, ही गोष्ट तिथे बरोबर हेरली जाते.

इंग्रजीत मागितला असेल तर

मराठी स्क्रिप्टचं शब्दशः भाषांतर करू नका. प्रसंग तोच ठेवा आणि तो एखाद्या मैत्रिणीला इंग्रजीत सांगताय असं समजून आधी बोला, रेकॉर्ड करा, मग ते ऐकून लिहा. वाक्यं आठ-दहा शब्दांचीच ठेवा. "मायसेल्फ अमुक अमुक" अशी सुरुवात आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती चुकीची वाटतच नाही, पण ती चूक आहे. "आय ॲम" पुरेसं आहे. "बेसिकली" आणि "ॲक्च्युअली" दर वाक्याला येत असतील तर रेकॉर्डिंग ऐकताना मोजा, मोजल्यावर आपोआप कमी होतात. उच्चार मराठी वळणाचा असला तर असू द्या. उसना अमेरिकी हेल काढला की तो तिसऱ्या वाक्यात सुटतो आणि नेमका तोच लक्षात राहतो.

कुठल्या भाषेत हवा ते जाहिरातीत लिहिलेलंच नसेल, तर जाहिरात ज्या भाषेत आहे त्या भाषेत करा.

पाठ करायचं की बघून वाचायचं?

दोन्ही नाही. पाठ केलेलं सांगताना एक शब्द निसटला की पुढची गाडी थांबते. बघून वाचताना डोळे ओळीबरोबर डावीकडून उजवीकडे सरकतात, आणि हे समोरच्याला स्पष्ट दिसतं. फोनच्या बाजूला लॅपटॉपवर स्क्रिप्ट उघडून ठेवणाऱ्यांना वाटतं की ते कळत नाही. कळतं.

मधला मार्ग असा. स्क्रिप्ट पूर्ण लिहा, चार-पाच वेळा मोठ्याने वाचा, मग ती बाजूला ठेवून एका चिठ्ठीवर फक्त पाच खुणा लिहा: "जागा – सत्तर बिलं – तीन दिसेनात – टीडीएस – एक तारीख". ही चिठ्ठी कॅमेऱ्याच्या भिंगाच्या अगदी वर चिकटवा. आता खुणांवरून बोला. दर वेळी शब्द थोडे बदलतील, बदलू द्या. फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य तोंडपाठ असावं, कारण अडखळणं तिथेच जास्त होतं.

मोठ्याने वाचताना जीभ ज्या ठिकाणी दुसऱ्यांदा अडखळते, तिथे दोष वाक्याचा असतो. "अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी" हे अनेकांना जड जातं. मग "अकाउंट्सच्या जागेसाठी" म्हणा, काही हरवत नाही. आकडे बोलताना किंचित थांबा. "सत्तर" नंतर अर्धा सेकंद गेला तर तो आकडा ऐकणाऱ्याच्या डोक्यात उतरतो.

रेकॉर्डिंग आणि पाठवणं

यावर पुष्कळ लिहिलं जातं, मी थोडक्यात सांगतो. उजेड समोरून हवा, म्हणजे खिडकीकडे तोंड करून बसा; पाठीमागे खिडकी असेल तर चेहरा काळा पडतो. फोन डोळ्यांच्या उंचीवर, पुस्तकांच्या थप्पीला टेकवून. बघायचं भिंगात, पडद्यावरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे नाही. आवाज चित्रापेक्षा महत्त्वाचा: पंखा बंद करा, वायरचा साधा इअरफोन लावला तर त्याचा माइक चालतो, आणि दहा सेकंदांची चाचणी घेऊन ती इअरफोनवर ऐका. कुकरच्या शिट्टीची वेळ घरात विचारून घ्या. मागे पार्श्वसंगीत, चेहऱ्यावर फिल्टर, खाली नाचणारी अक्षरं यांतलं काहीही नको.

पाठवताना एक घोळ हमखास होतो. फोनवरच्या एका मिनिटाच्या फुल एचडी व्हिडिओची फाइल सहज ६० ते १३० एमबीची होते, आणि जीमेलला २५ एमबीपर्यंतचीच फाइल जोडता येते. मग ती गूगल ड्राइव्हवर चढवून लिंक पाठवली जाते, पण परवानगी बदलायची राहते. समोरच्याला लिंक उघडल्यावर परवानगी मागण्याचं पान दिसतं, आणि पन्नास अर्ज बघणारा माणूस ती मागत बसत नाही, पुढे जातो. म्हणून शेअरिंगमध्ये `Restricted` ऐवजी `Anyone with the link` निवडा, आणि ती लिंक ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत स्वतः उघडून बघा. तिथे लॉगिन न करता व्हिडिओ चालला, तर सगळीकडे चालेल. व्हॉट्सॲपवर मागितला असेल तर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून लहान केला जातो आणि चित्र धूसर होतं. फाइलचं नाव `VID_20250611_204512.mp4` असं राहू देऊ नका:

```
AccountsAssistant_Naav_Aadnaav.mp4
```

निकाल लागल्यावर ड्राइव्हवरची ती फाइल किंवा तिची परवानगी काढून टाका. कंपनीच्या नावाने आलेला फोन नोंदणीचे किंवा "व्हिडिओ तपासणी"चे पैसे मागू लागला, तर ती नोकरी नाही.

पाठवण्याआधीची परीक्षा

घरच्यांना दाखवू नका, ते "छान" म्हणतील. जाहिरात न वाचलेल्या एखाद्या मित्राला व्हिडिओ एकदाच दाखवा, फोन काढून घ्या आणि तीन गोष्टी विचारा: मी कोणत्या कामासाठी अर्ज करतो आहे? मी काय केल्याचं सांगितलं? मी कधीपासून येऊ शकतो? दुसऱ्या प्रश्नाला "टॅली वगैरे येतं म्हणालास" असं उत्तर आलं, तर पुरावा पोहोचला नाही. बहुतेक वेळा कारण असं असतं की प्रसंगात "मी" उशिरा येतो. "तीन बिलं दिसत नव्हती, मग ते तपासण्यात आलं" यात काम कुणी केलं ते कळत नाही. "मी फोन केला" असं सरळ म्हणा, आपल्याकडे स्वतःचं श्रेय घेताना जीभ उगीच संकोचते.

मग प्रत्येक वाक्यापुढे मुलाखतीत येऊ शकणारा प्रश्न लिहा. सत्तर बिलं भरायला किती वेळ लागायचा? जुळवणी एक्सेलमध्ये कशी केली, कोणतं सूत्र वापरलं? तो व्यापारी दुरुस्ती करायला तयार झाला नसता तर? ज्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे नाही, ते वाक्य एकतर तयारी करून ठेवा किंवा स्क्रिप्टमधून काढा.

दुसऱ्या कंपनीला अर्ज करताना हाच व्हिडिओ पुढे ढकलायचा मोह होईल. भोसरीचं नाव असलेला व्हिडिओ हडपसरच्या कंपनीला गेला तर बाकीचं पाहिलंही जात नाही. पुरावा तोच राहू शकतो, पण पहिलं वाक्य, टीडीएसची ओळ आणि राहण्याची ओळ त्या त्या जाहिरातीप्रमाणे बदलून नव्याने रेकॉर्ड करा. खुणांची चिठ्ठी तयार असेल तर त्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त लागू नये.